सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट कसा वाचायचा? पहिल्यांदा जमीन घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमीन दाखवणारा मध्यस्थ बहुतेक वेळा आधी मोबाइलवर सातबाऱ्याचा एक फोटो पाठवतो आणि सांगतो, "सातबारा क्लिअर आहे." त्या फोटोतून व्यवहाराबद्दल काय कळतं आणि काय कळत नाही, ते इथे पाहू. उदाहरण म्हणून एक कल्पित उतारा घेतला आहे: गट क्रमांक २१४/२, एकूण क्षेत्र ०.६०.०० हेक्टर. या गटातली "एक एकर, रस्त्याकडची" जमीन तुम्हाला देऊ केली आहे, असं धरा. ही सगळी माहिती महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याची आहे. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक बघावं लागतं आणि त्याचे रकाने वेगळे असतात.

स्क्रीनशॉट हाती आल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं?

नावाआधी तारीख बघा. उताऱ्यावर वरच्या बाजूला "अहवाल दिनांक" असतो. फोटोत तो भाग कापलेला असेल तर तो उतारा कधीचा आहे हे कळायला मार्ग नाही. सातबारा रोज बदलू शकतो, त्यामुळे तीन महिन्यांपूर्वीच्या फोटोवरून आजचा मालक ठरवता येत नाही.

त्यानंतर उतारा पूर्ण आहे का ते पाहा. गाव नमुना सातमध्ये डावीकडे क्षेत्र आणि आकारणी, मधे खाते क्रमांक आणि भोगवटादाराची, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याची नावं, उजवीकडे "कुळ, खंड व इतर अधिकार" आणि त्या रकान्याच्या खाली प्रलंबित फेरफार आणि शेवटचा फेरफार क्रमांक असतो. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची महसूल दप्तरातली नोंद. मोबाइलच्या पडद्यावर हे सगळं एकदम मावत नाही. म्हणून फोटोत हटकून डावा आणि मधला भाग येतो आणि उजवा रकाना राहून जातो. दर वेळी तो मुद्दाम वगळलेला असतो असं नाही. पण व्यवहार अडवणाऱ्या बहुतेक नोंदी त्याच रकान्यात असतात.

मग तो फोटो सोडून स्वतः उतारा कसा काढायचा?

bhulekh.mahabhumi.gov.in उघडा. ७/१२ निवडा, मग जिल्हा, तालुका आणि गाव. गट क्रमांक टाकून शोध घ्या, मोबाइल क्रमांक आणि पडद्यावरची अक्षरं भरा, की उतारा दिसतो. हा उतारा बिनसहीचा आणि फक्त माहितीसाठी असतो. रोज उठून बघायला तो पुरेसा आहे.

व्यवहारासाठी मात्र digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा उतारा काढा. एका उताऱ्याला १५ रुपये लागतात. त्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो आणि तो याच संकेतस्थळावर टाकला की उतारा खरा आहे की नाही ते कळतं. विक्रेत्याने छापील उतारा हातात दिला तरी ही पडताळणी करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

गट क्रमांक टाकताना उपविभाग चुकवू नका. २१४, २१४/१ आणि २१४/२ हे तीन वेगळे उतारे आहेत. "२१४ चाच आहे हो" असं म्हणून शेजारच्या उपविभागाचा स्वच्छ उतारा दाखवला जातो आणि प्रत्यक्ष विकायची जमीन दुसऱ्याच उपविभागात निघते.

भोगवटादाराच्या रकान्यात चार-पाच नावं आहेत. यातला मालक कोण?

आपल्या उदाहरणात मधल्या रकान्यात खाते क्रमांक २४५ समोर असं दिसतं: वर थोरल्या भावाचं नाव, त्याखाली धाकट्या भावाचं नाव आडवी रेघ मारलेलं, मग धाकट्याची पत्नी आणि तिचे दोन मुलगे आणि सगळ्यात शेवटी "सामाईक क्षेत्र" असे शब्द आणि ०.६०.०० हा आकडा. नावांच्या पुढे फे.फा., म्हणजे फेरफाराच्या रकान्यात कंसात २०४४ आणि २२५१ हे क्रमांक आहेत.

रेघ मारलेलं नाव म्हणजे ती व्यक्ती आता भोगवटादार नाही. इथे धाकटा भाऊ वारला आहे. २०२० साली सातबाऱ्याचं रूप बदललं. तोपर्यंत अशी नावं आणि फिटलेले बोजे कंसात दाखवायचे, आता त्यांवर आडवी रेघ येते. एकाच पडद्यावर दोन खात्यांच्या मधे येणारी तुटक रेघ वेगळी, ती फक्त दोन खातेदार वेगळे दाखवायला असते. मोबाइलवरून तीनदा पुढे गेलेल्या फोटोत अक्षरावरची बारीक रेघ पुसट होऊन जाते आणि मयत माणूस जिवंत दिसतो, किंवा फेडलेलं कर्ज बाकी वाटतं. फोटोवर विसंबू नका म्हणण्याचं हेही एक कारण आहे.

आता "सामाईक क्षेत्र". हे शब्द असले की त्या खात्यातल्या कोणाही एकाच्या नावावर जमिनीचा ठरावीक तुकडा नाही. चौघांचं मिळून ०.६०.०० हेक्टर, म्हणजे ६० आर क्षेत्र आहे, कोणाचा किती आणि कुठल्या बाजूचा हे उतारा सांगत नाही. एक सहहिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, पण "रस्त्याकडचं एक एकर" असा ठरावीक तुकडा एकट्याने विकायचा हक्क त्याला नाही. असा हिस्सा घेणाऱ्याला पुढे वाटपासाठी बाकीच्यांशी भांडत बसावं लागतं. म्हणून सामाईक खात्यात एकतर सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर आधी वाटप होऊन उतारे वेगळे होऊ द्या.

चार नावं आहेत, मग प्रत्येकाचा चौथा हिस्सा का नाही?

कारण हिस्सा नावांच्या संख्येवरून ठरत नाही, ती नावं कोणत्या फेरफाराने लागली त्यावरून ठरतो. कंसातला क्रमांक त्यासाठीच दिलेला असतो. उदाहरणात फेरफार २०४४ वडिलांच्या पश्चात झालेली वारस नोंद आहे आणि २२५१ धाकट्याच्या पश्चात झालेली. जमीन वडिलांनी स्वतः विकत घेतलेली, मृत्युपत्र नाही, आई आधीच गेलेली, असं धरू. मग वडिलांची जमीन त्यांच्या मुलांमध्ये सारखी वाटली जाते. धाकट्याचा हिस्सा त्याची पत्नी आणि मुलं आपसात वाटून घेतात. त्यांची तीन नावं असली तरी थोरल्याचा हिस्सा त्यामुळे कमी होत नाही. म्हणजे चार नावं मोजून थोरल्याला १५ आर दिसतात, पण दोनच भाऊ धरले तर त्याचे ३० आर होतात.

आता फक्त दोन भाऊच होते का, हे बघण्यासाठी फेरफार २०४४ उघडून वाचायला हवा. त्यात वारस म्हणून तिसरं नाव निघतं ते बहिणीचं. ते भोगवटादाराच्या रकान्यात नाही, उजवीकडे इतर अधिकारात लावलेलं आहे. बहीण धरली की थोरल्याचा हिस्सा ६० आरचा तिसरा भाग, म्हणजे २० आर.

जमीन वडिलोपार्जित असेल, मृत्युपत्र असेल किंवा हक्कसोड झाली असेल तर हे गणित बदलतं. ते वकिलाकडून करून घ्या. पण कच्चा अंदाज पडद्यावरच येतो आणि तो आला की मध्यस्थाच्या "एक एकर"चं काय करायचं ते कळतं. एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ०.४०.४७ हेक्टर. विक्रेत्याकडे जास्तीत जास्त २० आर आहेत. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा त्याहून किंचित मोठा, १०१.१७ चौरस मीटर. साध्या अंदाजाला दोन्ही सारखे धरले तरी चालतात.

बहिणीचं नाव इतर अधिकारात आहे. त्याने खरंच काही फरक पडतो?

पडतो. गावोगाव बहिणींची नावं भोगवटादारात न लावता इतर अधिकारात लावण्याची पद्धत होती आणि जुन्या नोंदींत ती सर्रास सापडते. म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. नाव कुठल्या रकान्यात आहे यापेक्षा ती वारस आहे हे महत्त्वाचं. तिची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर खरेदीखत झाल्यावरही ती दावा करू शकते. "तिने तोंडी सोडलंय", "लग्नात सगळं दिलंय" ही उत्तरं ऐकायला मिळतात, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांना किंमत नाही.

याच्या उलट प्रकारही असतो: बहिणीचं नाव उताऱ्यावर कुठेच नसतं, कारण वारस नोंद करताना तिला सांगितलंच नव्हतं. ते उताऱ्यावरून कळणार नाही. वारस नोंदीच्या फेरफारासोबत दिलेलं वारसांचं प्रतिज्ञापत्र मागा आणि गावात चौकशी करा.

नावापुढे "अ.पा.क." असेल तर ती व्यक्ती नोंदीच्या वेळी अज्ञान होती आणि पालकाचं नाव लावलेलं आहे. ती आजही अज्ञान असेल तर तिच्या हिश्श्याच्या विक्रीला न्यायालयाची परवानगी लागते का, हे वकिलाला विचारल्याशिवाय इसार देऊ नका. "ए.कु.मे." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे एक नाव दिसलं तरी मागे अख्खं कुटुंब असतं.

इतर अधिकारात बोजा दिसतो आहे. व्यवहार सोडून द्यायचा का?

नाही. शेतजमिनीवर पीककर्जाचा बोजा असणं अगदी नेहमीचं आहे. पण तो कोणता आणि फिटला आहे की नाही, हे नोंदीत वाचायला शिका. आपल्या उताऱ्यात दोन ओळी आहेत. एक: विकास सोसायटीचा ई-करार, रु. १,५०,०००, त्यावर आडवी रेघ. दुसरी: बँकेचा बोजा रु. ४,००,०००, फेरफार २३०६, रेघ नाही.

पहिली ओळ संपलेली आहे. दुसरी चालू आहे, निदान दप्तरात तरी. विक्रेता म्हणेल की कर्ज कधीच फेडलं, आणि ते खरंही असू शकतं. बँकेने दाखला दिला पण तो तलाठ्याकडे पोचलाच नाही, हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. तरीही रेघ पडेपर्यंत बोजा चालूच आहे असं धरायचं, कारण तारण ठेवलेल्या जमिनीवरचा बँकेचा हक्क मालक बदलला म्हणून संपत नाही. कर्ज थकलं तर वसुली तुमच्या जमिनीवर येते.

रक्कम कर्ज घेतानाची असते, आजची बाकी नव्हे. चार लाखांच्या बोजापोटी आज सव्वा पाच लाख थकलेले असू शकतात, किंवा तीस हजारच उरलेले असतील. खरा आकडा बँकेच्या खातेउताऱ्यावरूनच कळतो.

ई-करार आणि बँकेचा बोजा यात फरक काय?

ई-करार हा प्राथमिक सहकारी सोसायटीकडून कर्ज घेताना सभासदाने करून दिलेल्या घोषणेचा भार आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली तो जमिनीवर चढतो. हे कर्ज फिटेपर्यंत जमीन विकण्यावर त्याच कलमात बंदी आहे आणि ती मोडून केलेलं हस्तांतरण निरर्थक ठरतं. म्हणून रक्कम लहान दिसली तरी रेघ नसलेला ई-करार हलक्यात घेऊ नका. पन्नास हजारांच्या सोसायटी कर्जापायी चाळीस लाखांचं खरेदीखत वादात सापडू शकतं.

बोजा उतरवून घेण्याचा योग्य क्रम कोणता?

बँकेकडून आजची बाकी लेखी मागवा. इसाराच्या रकमेतली तेवढी रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरा आणि हे साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात लिहून घ्या. बँक बेबाकी दाखला आणि बोजा कमी करण्याचं पत्र देईल. गहाणखत नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात गहाण सोडल्याचा दस्तही व्हायला हवा. मग महसूल विभागाच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून किंवा तलाठी कार्यालयात "बोजा कमी करणे" या नोंदीसाठी अर्ज करायचा. ती नोंद प्रमाणित होऊन उताऱ्यावर रेघ पडली की मगच खरेदीखताची तारीख घ्या.

बेबाकी दाखल्याची झेरॉक्स दाखवून "नोंद नंतर होईल" असं म्हणणाऱ्याला थांबायला सांगा. खरेदीखत झाल्यावर बोजा उतरवण्यात विक्रेत्याला रस उरत नाही आणि बँकेत हेलपाटे तुम्हाला घालावे लागतात.

इतर अधिकारातल्या कोणत्या नोंदी बोजापेक्षा गंभीर असतात?

पैसे भरून बोजा उतरतो. काही नोंदी पैशाने उतरत नाहीत, त्यांना सरकारी परवानगी लागते. त्यात मुख्य चार.

"कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र": ही जमीन कुळाला कायद्याने मिळालेली आहे आणि विकण्यापूर्वी शासनाची परवानगी किंवा कायद्यात सांगितलेली पूर्तता लागते. विक्रेत्याकडे कुळकायद्याच्या कलम ३२म चं, म्हणजे कुळाने जमिनीची किंमत भरल्याचं प्रमाणपत्र असलं तर ते मागा. त्यावरची तारीख परवानगीचं गणित ठरवते.

"आदिवासी खातेदार" किंवा "कलम ३६, ३६अ": आदिवासीची जमीन बिगर आदिवासीने परवानगीशिवाय घेतली तर ती परत जाऊ शकते, वर्षांनंतरही. साठेखत करून ताबा घ्यायचा "जुगाड" इथे चालत नाही.

"पुनर्वसनासाठी राखीव, हस्तांतरणास बंदी": धरणाच्या लाभक्षेत्रात ही ओळ भेटते. ती जुनी आणि निकामी आहे असं विक्रेता म्हणत असेल तर ती कमी केल्याचा आदेश त्यानेच आणावा.

आणि चौथी गोष्ट इतर अधिकारात नाही, उताऱ्यात वर "भूधारणा पद्धती"समोर असते: भोगवटादार वर्ग-२. नवीन शर्तीची जमीन. ती विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि बहुधा नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम भरावी लागते. स्क्रीनशॉटमध्ये ही ओळ अगदी वर असल्यामुळे तीही कापली जाते.

विहिरीतला हिस्सा, पाटाचं पाणी, वहिवाटीचा रस्ता अशा नोंदीही तिथेच असतात. त्या विक्री अडवत नाहीत, पण तुमच्या बांधावरून शेजाऱ्याचा बैल जाणार की नाही हे त्या सांगतात.

"प्रलंबित फेरफार: नाही" असं दिसलं म्हणजे निश्चिंत?

पूर्ण नाही. ती ओळ एवढंच सांगते की या गटावर सध्या नोंदवलेला पण प्रमाणित न झालेला फेरफार नाही. अर्ज आला आहे पण फेरफार अजून धरलेला नाही, न्यायालयाचा मनाई हुकूम झाला आहे पण तलाठ्याला कळवलेला नाही, किंवा कागद करून बँकेकडे गहाण टाकलेत पण सातबाऱ्यावर चढवलेले नाहीत, अशा गोष्टी त्या "नाही"मध्ये दडून राहू शकतात.

म्हणून दोन ठिकाणी आणखी बघा. नोंदणी विभागाच्या freesearchigrservice.maharashtra.gov.in वर गट क्रमांक टाकून सूची क्रमांक २ तपासा. तिथे विक्री, गहाण, हक्कसोड, साठेखत असे नोंदलेले दस्त वर्षानुसार मिळतात. वकील साधारण ३० वर्षांचा शोध घेतात, तुम्ही किमान शेवटची दोन वर्षं स्वतः चाळा. कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचनाही इथे नोंदलेली असू शकते, सातबाऱ्यावर नसली तरी. दुसरं म्हणजे, विक्रेत्याचं आणि सहहिस्सेदारांचं नाव घालून तालुका आणि जिल्हा न्यायालयातले दावे शोधा.

आणि "प्रलंबित फेरफार: होय" असेल तर?

तो कसला आहे हे कळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. बघायची जागा आपली चावडी. digitalsatbara.mahabhumi.gov.in/aaplichawdi वर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावातल्या चालू फेरफारांचा तक्ता येतो. त्यात फेरफार क्रमांक, प्रकार, दिनांक, हरकत घेण्याची शेवटची तारीख आणि गट क्रमांक असतात. "पहा" म्हटलं की नोटीस उघडते.

आपल्या गट २१४/२ वर फेरफार २३१७ प्रलंबित आहे. उताऱ्यावर शेवटचा फेरफार २३०६ दिसतो, तो बँकेच्या बोजाचा. तक्त्यात २३१७ समोर प्रकार लिहिला आहे "खरेदी". नोटीस उघडली की कळतं, थोरल्या भावाने आपल्या हिश्श्यातले १० आर आधीच दुसऱ्याला विकले आहेत आणि त्याचा दस्त नोंदला गेला आहे. सातबाऱ्यावर मात्र त्याचंच नाव तसंच आहे, कारण फेरफार प्रमाणित व्हायचा आहे. म्हणजे एक एकर सांगितलेल्या जमिनीत विक्रेत्याकडे हिशेबाने १० आर उरतात. तेही सामाईक आणि चार लाखांच्या बोजासकट.

इथे नुसता भोगवटादाराचा रकाना वाचणारा फसला असता. नाव खरं होतं, फक्त शिळं होतं.

फेरफाराची वाटचाल कशी होते आणि किती दिवस लागतात?

दस्त नोंदला गेला की दुय्यम निबंधक कार्यालयाकडून माहिती ऑनलाइन तहसीलकडे जाते आणि तलाठी, म्हणजे नव्या पदनामाने ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना सहामध्ये फेरफार धरतो. मग हितसंबंधितांना नोटीस जाते आणि चावडीवर ती लागते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी कागद तपासून फेरफार प्रमाणित करतो. तेवढं झालं की सातबाऱ्यावर बदल दिसतो.

पंधरा दिवस ही किमान मुदत आहे. नोटीस बजावण्यात आणि प्रमाणित करण्यात जाणारा वेळ धरला तर सरळ नोंदीलाही बहुधा महिनाभर लागतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे ६अ मध्ये जातं, सुनावणी होते आणि मग महिन्यांचा हिशेब ठेवू नये हेच बरं. निकाल मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येतं.

फेरफार रद्द झाला तर माझं खरेदीखतही रद्द होतं का?

नाही. फेरफार महसूल दप्तरातली नोंद आहे. त्यातून मालकी निर्माण होत नाही आणि तो नामंजूर झाल्याने ती संपतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेक निकालांत स्पष्ट केलं आहे. मालकी खरेदीखतातून, वारसाहक्कातून किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यातून येते. सातबाऱ्यातली नोंद खरी आहे असं कलम १५७ प्रमाणे गृहीत धरलं जातं, पण फक्त उलट सिद्ध होईपर्यंत.

याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. फेरफार प्रमाणित झाला म्हणून विक्रेत्याची मालकी पक्की झाली असंही नाही. म्हणून वकील शेवटच्या फेरफारावर थांबत नाही. "जुने फेरफार क्रमांक" या ओळीतून मागे जात सगळी साखळी तपासतो. जुने हस्तलिखित फेरफार aapleabhilekh.mahabhumi.gov.in वर काही जिल्ह्यांसाठी मिळतात. नसतील तिथे तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो.

उताऱ्यावर नावात किंवा क्षेत्रात चूक आहे. खरेदीनंतर दुरुस्त करता येईल?

येईल, पण खरेदीआधी विक्रेत्याकडून करून घ्या. संगणकीकरणात राहिलेल्या लेखनदोषासाठी कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज होतो. जुना हस्तलिखित सातबारा आणि संबंधित फेरफाराची प्रत जोडायची. मात्र ०.२० चे ०.४० करून घेणं लेखनदोषात बसत नाही, तो हक्काचा वाद आहे. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज आणि डावीकडचं एकूण क्षेत्र जुळतं का, हे कॅल्क्युलेटरवर एकदा करून पाहा. तफावत असेल तर मोजणी करायच्या आधीच तिचा निकाल लावा.

उतारा स्वच्छ निघाला, पण मी शेतकरी नाही. शेतजमीन घेता येईल?

सर्वसाधारणपणे नाही. कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे दुय्यम निबंधकाकडे तुमच्या किंवा तुमच्या घरच्यांच्या नावाचा सातबारा मागितला जातो. अकृषिक झालेल्या जमिनीला ही अट नाही. ती ओळखायची खूण उताऱ्यावरच असते: क्षेत्र हेक्टरऐवजी आर-चौरस मीटरमध्ये असतं आणि गाव नमुना बाराची आवश्यकता नसल्याची सूचना छापलेली असते. "एनए होणारच आहे" असं सांगून विकले जाणारे गुंठे या खुणेवर एका नजरेत पकडता येतात. असे छोटे तुकडे तुकडेबंदी कायद्यातही अडकतात, म्हणून त्या तालुक्याचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे किमान केवढा तुकडा चालतो ते, आणि आज लागू असलेला नियम दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

मग या उदाहरणातल्या व्यवहाराचं करायचं काय?

एक एकराचा सौदा आहे तसा करता येणार नाही. जमीन पसंत असेल तर दोनच मार्ग उरतात. पहिला: २३१७ चा निकाल लागू द्या, मग थोरला भाऊ, बहीण, धाकट्याची पत्नी आणि दोन्ही मुलगे या सगळ्यांना एकाच खरेदीखतात विक्रेते म्हणून घ्या, १० आर घेणाऱ्या नव्या सहहिस्सेदाराचीही सही घ्या आणि उरलेल्या ५० आरपैकी ४० आर घ्या. मुलगे अज्ञान असतील तर आधी परवानगीचा प्रश्न सोडवा. दुसरा: त्यांनी आपसात नोंदणीकृत वाटप करून उतारे वेगळे करावेत, बोजा उतरवावा आणि मग ज्याच्या वाट्याला रस्त्याची बाजू येईल त्याच्याशीच तुम्ही बोला.

दोन्हींत खरेदीखताच्या दिवशी सकाळी डिजिटल सहीचा ताजा उतारा काढा आणि आपली चावडीचा तक्ता पुन्हा एकदा उघडा. दस्त झाल्यावर सूची क्रमांक २ ची प्रत घ्या. तिसऱ्या आठवड्यात चावडीच्या तक्त्यावर तुमच्या खरेदीचा फेरफार दिसायला हवा. दिसला नाही तर सूची २ घेऊन तलाठी कार्यालय गाठा आणि फेरफार अजून धरला का नाही ते लेखी विचारा.